पाण्यात उतरलात ती तारीख

२६ जुलै आली की मुंबईला एक आकडा आठवतो. सांताक्रूझला २००५ साली त्या मंगळवारी आणि त्या रात्री मिळून ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. कोण किती तास चालत घरी पोचलं, कोणी कोणाला चहा दिला, कोणाची गाडी कुठे बुडाली, या गोष्टी दरवर्षी नव्यानं सांगितल्या जातात आणि त्या सांगाव्यातही. त्यांच्या मागोमाग आलेला ऑगस्ट मात्र फारसा कोणाला आठवत नाही. पाणी दोन-चार दिवसांत ओसरलं, कचरा उचलला गेला, लोकल धावू लागल्या आणि मग रुग्णालयांत तापाचे रुग्ण यायला लागले. डोळे लाल, पोटऱ्यांत गोळे, काहींना कावीळ, काहींना दम. लेप्टोस्पायरोसिस हा शब्द मुंबईच्या घराघरांत तेव्हा पोचला.

पुराची बातमी जिथे संपते तिथून या आजाराचं कॅलेंडर सुरू होतं. म्हणून या वर्षीच्या २६ जुलैला आम्हाला पावसाबद्दल काही म्हणायचं नाही. म्हणायचं आहे ते पावसानंतरच्या पंधरवड्याबद्दल आणि त्यातही एका साध्या माहितीबद्दल, जी रुग्णाकडे असते पण केसपेपरवर क्वचित उतरते: पाण्यात उतरल्याची तारीख.

लेप्टोचा जंतू उंदराच्या मूत्रपिंडात मुक्कामाला असतो. उंदराला त्याचा काही त्रास होत नाही. तो आयुष्यभर लघवीवाटे जंतू सोडत राहतो. कुत्री, गायी-म्हशी, डुकरं यांच्याकडूनही तो येतो, पण शहरात मुख्य वाटा उंदराचा. कोरड्या उन्हात हा जंतू लवकर मरतो. ओल्या मातीत आणि गोड्या पाण्यात मात्र आठवडेच्या आठवडे तग धरतो. गटारं तुंबून पाणी रस्त्यावर येतं तेव्हा बिळांतलं, उकिरड्यांवरचं आणि गोठ्यांतलं सगळं एकत्र होतं. पाणी वरून स्वच्छ दिसतंय की गढूळ, याला काही अर्थ उरत नाही.

असं पाणी पिऊनच आजार होतो असं अनेकांना वाटतं. खरं तर जंतू बहुतेक वेळा पायातून शिरतो. टाचेची भेग, चपलेनं घासलेली जागा, बोटांमधल्या चिखल्या, डास चावल्यावर खाजवून काढलेलं साल, एवढं त्याला पुरतं. बराच वेळ पाण्यात राहून मऊ पडलेल्या कातडीतूनही तो जाऊ शकतो आणि डोळ्यांत, तोंडात उडालेल्या पाण्यातूनही. ज्याला मधुमेह आहे आणि पायाला जखम झाल्याचंच कळत नाही, त्यानं तर ‘मला काही लागलेलं नाही’ या स्वतःच्या खात्रीवर विसंबू नये. आणखी एक गोष्ट नेहमी निसटते. पाण्यातून चालत घरी आलेला माणूस सावध असतो; दुसऱ्या दिवशी अनवाणी बसून घरातला चिखल उपसणारी बाई सावध नसते. पाणी गेलं म्हणजे धोका गेला असं तिला वाटतं. चिखल उपसणं हेसुद्धा पाण्यात उतरणंच आहे.

जंतू शरीरात शिरल्यापासून ताप येईपर्यंत साधारण ५ ते १४ दिवस जातात. कधी दोनच दिवस, कधी महिनाही. सगळी गोची इथे आहे. बाराव्या दिवशी ताप आलेल्या माणसाला आदल्या दिवशीचा वडापाव आठवतो, परवाची पावसाची सर आठवते. बारा दिवसांपूर्वी गुडघाभर पाण्यातून गेलो होतो हे आठवत नाही आणि आठवलं तरी त्याचा या तापाशी संबंध असेल असं वाटत नाही.

हे कसं घडत जातं ते पाहण्यासाठी एक काल्पनिक पण रोजच्या पाहण्यातलं उदाहरण घेऊ. हिंदमाताला साड्यांच्या दुकानात काम करणारा पस्तिशीचा माणूस. पाणी भरलं तेव्हा मालकानं खालच्या फळ्यांवरचे गठ्ठे वर चढवायला सांगितले. चार तास तो आणि आणखी दोघे गुडघाभर पाण्यात. दिवस शनिवार, तारीख समजा १२ जुलै. पायाच्या बोटांत चिखल्या आधीपासून होत्याच. पावसाळ्यात कोणाला नसतात.

२२ तारखेला संध्याकाळी त्याला एकदम हुडहुडी भरून ताप येतो. आधी सर्दी नाही, घसा नाही, खोकला नाही. थेट १०३. डोकं ठणकतं, कंबर धरते आणि पोटऱ्या इतक्या दुखतात की संडासला उकिडवं बसवत नाही. तो समजतो, गठ्ठे उचलले त्याचं हे दुखणं आहे. मेडिकलमधून तापाची गोळी आणि पोटऱ्यांसाठी दुखण्याची ‘स्ट्राँग’ गोळी आणतो. तिसऱ्या दिवशी डॉक्टरकडे जातो. डॉक्टर विचारतात, ‘किती दिवस ताप?’ तो सांगतो, ‘तीन.’ बाहेर वीस माणसं बसलेली असतात. मलेरिया आणि डेंगीची तपासणी होते, दोन्ही निगेटिव्ह येतात, प्लेटलेट थोड्या कमी दिसतात. ‘व्हायरल आहे, पाणी भरपूर प्या.’ यात डॉक्टरांनी वावगं काही केलेलं नाही. त्यांच्यासमोर जी माहिती आली तिच्यावर त्यांनी निर्णय घेतला. १२ जुलै त्यांच्यासमोर आलीच नाही.

पाचव्या-सहाव्या दिवशी ताप उतरतो. घरात सगळ्यांना हायसं वाटतं. माणूस दुकानात जातो. या आजारात असा उतार पडू शकतो: पहिल्या टप्प्यात जंतू रक्तात असतात, ते रक्तातून कमी होतात, ताप पडतो आणि दोन-तीन दिवसांनी दुसरा टप्पा सुरू होतो. सगळ्यांनाच तो गाठतो असं नाही. बहुतेकांचा आजार सौम्य असतो आणि आपोआप बराही होतो. काहींच्या बाबतीत मात्र मधला उतार न पडताच आजार सरळ गंभीर होत जातो. आपला माणूस आठव्या दिवशी पुन्हा तापतो. डोळे पिवळे दिसतात, लघवी कोकाकोलासारखी आणि कमी. आणि इथे महाराष्ट्रातल्या घरोघरी घडतं ते घडतं: कावीळ झाली म्हणून कोणीतरी त्याला काविळीचं गावठी औषध देणाऱ्याकडे नेतं. पथ्य सुरू होतं, तेल-तूप बंद, उसाचा रस चालू. आणखी दोन दिवस जातात. नेहमीच्या विषाणूच्या काविळीत डोळे पिवळे होईस्तोवर ताप बहुधा गेलेला असतो. ताप आणि कावीळ एकत्र नांदत असतील आणि लघवी कमी होत असेल, तर हे पथ्यपाण्याचं प्रकरण नाही, त्याच दिवशी रुग्णालयात जाण्याचं आहे.

आता याच माणसाला २३ तारखेला, तापाच्या दुसऱ्याच दिवशी, डॉक्टरसमोर बसवू. यावेळी तो एक वाक्य जास्त बोलतो: ‘१२ तारखेला चार तास पाण्यात होतो.’ त्या वाक्यानं तपासणीचा रोख बदलतो. डॉक्टर त्याला आडवा करतात आणि पोटऱ्या हलक्या हातानं दाबतात. तो कळवळतो. मग खालची पापणी ओढून डोळे पाहतात. डोळे लाल आहेत, पण डोळे आल्यावर असतात तशी चिपडं नाहीत, चिकटपणा नाही, नुसती लाली. पाण्याची तारीख, अचानक चढलेला ताप, दाबल्यावर दुखणाऱ्या पोटऱ्या आणि चिपडांशिवायचे लाल डोळे. चारही धागे एकत्र आले की लेप्टोचा संशय धरायला दुसऱ्या कशाची गरज नसते.

पोटरीच्या दुखण्याबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण पोटऱ्या कोणाच्या दुखत नाहीत? दिवसभर उभं राहिलेल्या माणसाच्या पोटऱ्या दुखतात तेव्हा त्या चेपून दिल्या की त्याला बरं वाटतं, रात्रीची झोप झाली की सकाळी दुखणं निम्मं होतं. लेप्टोत तो पोटऱ्यांना हात लावू देत नाही. जंतूंमुळे स्नायूंनाच इजा झालेली असते, त्यामुळे दाब सहन होत नाही आणि झोपूनही फरक पडत नाही. दुखणं बहुधा दोन्ही पायांत असतं, जोडीला कंबरेत. एकच पाय सुजला, लाल आणि गरम झाला, तर तो वेगळा आजार; पुरानंतर जखमेतून पायात पू धरण्याचे प्रकार होतात, आणि तेही अंगावर काढण्यासारखे नसतात. उलट बाजूही लक्षात ठेवावी. पोटऱ्या दुखत नाहीत म्हणून लेप्टो नाहीच, असं म्हणता येत नाही. डेंगी आणि चिकुनगुनियातही अंग ठणकतं. पोटरी हा इशारा आहे, निकाल नव्हे.

मग रक्त तपासून निकाल का घेऊ नये? घ्यावाच, पण तो केव्हा येतो ते समजून घेतलं पाहिजे. आपल्याकडे नेहमी केली जाणारी लेप्टोची आयजीएम तपासणी शरीरानं तयार केलेली प्रतिपिंडं शोधते आणि ती तयार व्हायला तापानंतर पाच ते सात दिवस लागतात. म्हणजे औषधाचा उपयोग सर्वात जास्त असतो त्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ही तपासणी निगेटिव्ह येण्याचीच शक्यता अधिक. तो निगेटिव्ह कागद हातात घेऊन निर्धास्त झालेली माणसं पुढे अत्यवस्थ होऊन येतात. पहिल्या आठवड्यात पीसीआर तपासणीत जंतू सापडू शकतो, पण ती सगळीकडे होत नाही. म्हणून संशय आला की रक्त घ्यायचं आणि अहवालाची वाट न पाहता औषध सुरू करायचं, ही या आजारातली रीत आहे. जागतिक पातळीवरही हेच सांगितलं जातं. जिथे प्रयोगशाळा मागे पडते तिथे तारीख पुढे येते, ती अशी.

साध्या तपासण्याही पुष्कळ बोलतात, विचारणारा हवा. आपल्या समाजात पावसाळी ताप म्हणजे प्लेटलेटचा आकडा असं समीकरण बसलं आहे. व्हॉट्सअॅपवर रोज प्लेटलेट कळवल्या जातात, पपईच्या पानांचा रस काढला जातो. प्लेटलेट लेप्टोतही उतरतात, म्हणून त्या कमी दिसल्या की डेंगी, हा हिशेब चुकीचा आहे. डेंगीत पांढऱ्या पेशी बहुधा कमी होतात. लेप्टोत त्या अनेकदा वाढलेल्या असतात. त्याच रक्तात क्रिएटिनिन पाहिलं आणि लघवीत प्रथिनं आणि रक्तपेशी आहेत का ते पाहिलं, तर मूत्रपिंडाला धक्का लागतोय हे कावीळ दिसण्याआधी कळू शकतं. प्लेटलेटवर डोळा ठेवून बसलेल्या घरात दिवसातून किती वेळा लघवी झाली हे कोणी मोजत नाही. ते मोजायला पैसे लागत नाहीत.

औषध महाग नाही, नवं नाही. साधा आजार असेल तर मोठ्या माणसाला डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सात दिवस. गरोदर बाई किंवा आठ वर्षांखालचं मूल असेल तर डॉक्टर डॉक्सी टाळतात आणि अमॉक्सिसिलिनसारखं दुसरं औषध देतात. गंभीर रुग्णाला रुग्णालयात शिरेतून पेनिसिलिन किंवा सेफ्ट्रिअॅक्सोन. मूत्रपिंडं बंद पडली तर डायलिसिस लागतं, पण वेळेत मिळालं तर ती बहुतेकांची पूर्ववत होतात. आयुष्यभराचं डायलिसिस मागे लागत नाही. धाक आहे तो फुप्फुसांतल्या रक्तस्रावाचा. तो एकदा जोरात सुरू झाला की निम्म्याहून अधिक रुग्ण दगावू शकतात आणि कधी कधी कावीळ न होताच तो सुरू होतो. थुंकीत रक्ताचा तांबूस धागा, जिना चढताना नव्हे तर पडल्यापडल्या लागणारी धाप, यांतलं काही दिसलं तर सकाळ होऊ देऊ नये.

आणि ती ‘स्ट्राँग’ गोळी. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या जातीची दुखणं मारणारी औषधं मूत्रपिंडावर भार टाकतात. ज्या आजारात आधीच मूत्रपिंड संकटात, अंगात पाणी कमी, प्लेटलेट घसरलेल्या, तिथे ही गोळी आगीत तेल ओतते. वरून ताप आणि पोटऱ्यांचं दुखणं तात्पुरतं झाकलं जातं, म्हणजे डॉक्टरला जे दिसायला हवं तेच नाहीसं होतं. पावसाळ्यात तापाला पॅरासिटामॉल सोडून दुसरं काही स्वतःच्या मनानं घेऊ नये. हे औषधांच्या दुकानदारांनीही पाळलं तर पुष्कळ काही टळेल; चिठ्ठीशिवाय ही गोळी मागायला येणाऱ्याला ‘पाण्यात गेला होतात का?’ एवढं विचारायला त्यांना कोणी अडवलेलं नाही.

आजार होऊच नये म्हणून काय, याचं उत्तर मुंबई महापालिका पाणी भरल्यावर दरवेळी देते. पाण्यातून गेलेल्यांनी २४ ते ७२ तासांत वैद्यकीय सल्ल्यानं डॉक्सी घ्यावी, असं ती सांगते. एकदाच गेलात आणि पायाला जखम नाही, तर २०० मिलिग्रॅमचा एक डोस. जखम होती, तर तोच डोस रोज एक असा तीन दिवस. आणि जे पुन्हा पुन्हा उतरतात, सफाई कामगार, बचावाला जाणारे, त्यांना आठवड्याला एक असा सहा आठवडे. सल्ला चांगला आहे. तो पोचतो किती, हा प्रश्न आहे. ७२ तासांची ही मुदत संपते तेव्हा आपल्या उदाहरणातला माणूस भिजलेले गठ्ठे वाळत घालत असतो. तीन दिवसांत दवाखान्याच्या रांगेत जायला त्याला सुटी कोण देणार? ज्या मालकानं त्याला पाण्यात उतरवलं, त्यानंच त्याला दवाखान्यात पाठवावं, ही अपेक्षा आम्हाला अवास्तव वाटत नाही.

या गोळीवर भार किती टाकायचा हेही ठरवलं पाहिजे. अंदमानात आठवड्याला डॉक्सी देऊन झालेल्या अभ्यासात दिसलं ते असं की गोळीनं आजार आणि मृत्यू कमी केले, जंतूसंसर्ग मात्र थांबला नाही. म्हणजे गोळी घेतलेल्याला ताप आला तरी प्रश्न तोच विचारायचा. ‘मी डॉक्सी घेतली होती, मला लेप्टो होणार नाही’ हे वाक्य बरोबर नाही. गोळी भरपूर पाण्याबरोबर, बसून घ्यावी आणि घेतल्यावर लगेच आडवं होऊ नये. नाहीतर अन्ननलिका भाजून निघते आणि मग माणूस उरलेल्या गोळ्या कपाटात ठेवून देतो.

मुंबईबाहेर हा आजार पुरावाचूनही येतो. सिंधुदुर्गात आणि गोव्यात भाताच्या लावणीला तासन् तास चिखलात उभ्या राहणाऱ्या बायकांच्या पायाला पूर लागत नाही, खाचर पुरतं. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना या तापाची नजर बसली आहे. सिंधुदुर्गानं लेप्टोचे मृत्यू पाहिले आहेत. शेतात गेला होता का, हे तिथे न सांगता विचारलं जातं. शहरात तो प्रश्न विचारायची सवय लागलेली नाही, आणि घाटावर तर नाहीच.

म्हणून आमची मागणी अगदी लहान आहे. जुलै ते ऑक्टोबर या काळात तापाच्या प्रत्येक केसपेपरवर एक ओळ शिक्क्यानं उमटवावी: ‘गेल्या ३० दिवसांत साचलेल्या पाण्यात किंवा चिखलात उतरलात का? केव्हा? पायाला जखम?’ ही ओळ फक्त पाणी भरणाऱ्या वॉर्डांपुरती ठेवून चालणार नाही. पाणी भरल्यानंतरच्या महिन्याभरात मुंबईचा माणूस मुंबईतच असतो असं नाही. सण येतात, गणपती येतात, कोणी गावी कोकणात जातो, कोणी लातूरला, कोणी सोलापूरला. हिंदमाताला भिजलेला पाय दहाव्या दिवशी उदगीरच्या दवाखान्यात तपासणीच्या टेबलावर असू शकतो. तिथल्या डॉक्टरच्या डोळ्यांसमोर ना पाणी असतं, ना पुराची बातमी. तालुक्यात महिनाभर पुरेसा पाऊसही झालेला नसतो. त्यानं पोटऱ्या दाबून पाहाव्यात यासाठी त्याच्या हाती त्या शिक्क्याखेरीज दुसरं काहीही नाही.